आस्ते, लेडीज!

टुम्पाने पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही. मी बॅग कॉटवर टेकवते न टेकवते तोच समोरच्या कॉटवरून तिने विचारलं, "तुझं पोट कसं आहे?"

मला वाटलं, ही मेडिकलची विद्यार्थिनी असावी. तशी ती नव्हती, भूगोलाची होती. पण कोलकात्यात पोट हा विषय डॉक्टरांपुरता ठेवलेलाच नाही. हवा, फुटबॉल आणि पोट यांवर इथे कुणीही कुणाशीही अधिकारवाणीने बोलू शकतं. मी "बरं आहे" म्हटल्यावर तिचा चेहरा जरा उतरला. मग तिने खिडकीतली फळी दाखवली. ओव्याचं पाणी, इसबगोल, पाचक गोळ्यांच्या दोन बाटल्या आणि एका कोपऱ्यात होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या. "लागेल तेव्हा घे," ती म्हणाली. "विचारू नकोस, पण घेतल्यावर सांग. मला आवडतं ऐकायला."

तिचं खरं नाव सुपर्णा. ते फक्त परीक्षेच्या हॉल तिकिटावर दिसायचं. घर बराकपूरला, वडील कारखान्यात. लोकलने रोज येणं-जाणं जमलं असतं. पण आमच्या कॉलेजचे तास सकाळी उजाडताच सुरू व्हायचे आणि टुम्पाला त्या वेळी उठवणं घरातल्या कुणाच्याच आवाक्यात नव्हतं. म्हणून हॉस्टेल. इथे ते काम माझ्या गळ्यात पडलं.

माझी गोष्ट वेगळी. बाबा बँकेत, त्यामुळे आमचं घर म्हणजे बदलीच्या हुकुमावर चालणारं प्रकरण. शाळेची शेवटची वर्षं कोलकात्यात गेली, मी इथल्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि त्याच वर्षी बाबांची नागपूरला बदली झाली. मी राहते म्हणून हट्ट धरला. बाबा कबूल झाले, पण जाताना म्हणाले, "काही दुखलंखुपलं, तब्येत बिघडली, तर त्याच दिवशी नागपूर. तिथेही कॉलेजं आहेत." बाबा बोललेलं करतात. आणि माझं तर दर महिन्याला दुखत होतं.

टुम्पा बुटकी, गोल चेहऱ्याची, चष्मा सतत नाकाच्या शेंड्यावर. तिच्या पिशवीत बारा महिने छत्री असायची. जरा गार वारा सुटला की ती कानावरून माकडटोपी ओढायची, आणि मी हसले की म्हणायची, "हस तू. थंडी कानातूनच शिरते." मला ती 'बोइदेही' म्हणायची. माझं वैदेही हे नाव बंगाली तोंडात गेलं की असंच गोल होऊन बाहेर येतं. आता कुणी वैदेही म्हटलं की स्पष्ट, स्वच्छ आणि जरा परकं वाटतं.

तिचा एक लाडका शब्द होता. कोलकात्याच्या बसमधून कुणी बाई उतरायला लागली की कंडक्टर बसच्या पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला ओरडून सांगतो, "आस्ते, लेडीज!" हळू घे, बाई उतरतेय. टुम्पाने ही आरोळी उचलली होती. हॉस्टेलच्या वॉर्डनबाई जिना उतरायला लागल्या की ती कठड्यावर थाप मारायची, "आस्ते, लेडीज!" माझा अवघड पेपर असला की वर्गाच्या दारात तेच. एकदा एस्प्लनेडच्या स्टॉपवर एक म्हातारी उतरत असताना कंडक्टर ओरडायचं विसरला आणि बस हलली. टुम्पाने आतून पत्रा असा बडवला की ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. मग तिने भर रस्त्यात कंडक्टरची शिकवणी घेतली. म्हातारी केव्हाच निघून गेली होती, बसमधले लोक खोळंबले होते, पण कंडक्टरने स्वतःच्या तोंडाने ती आरोळी म्हणून दाखवेपर्यंत ही पायरीवरून हलली नाही.

अशा मुलीपासून काही लपवणं सोपं नव्हतं. पण मला एक नामी जागा सापडली होती. मी म्हणायचे, "गॅस झालाय."

आमच्या घरात पाळीबद्दल बोलायची पद्धत नव्हती. आई म्हणायची, "सगळ्यांनाच होतं, त्याचं कसलं कौतुक?" मीही तसंच धरून चालले होते. पाळी यायच्या दोन दिवस आधीच ओटीपोटात आणि कमरेत कळ सुरू व्हायची. पाळी आली की ती मांड्यांत उतरायची. शौचाला बसलं की आतून कुणी सुरी फिरवतंय असं व्हायचं. उलट्या व्हायच्या, हातपाय गार पडायचे. मी दात आवळून थांबायचे, अगदीच असह्य झालं की तापाची साधी गोळी घ्यायचे, आणि तोवर पोटात काहीच टिकत नसल्यामुळे तीही उलटून पडायची. सगळ्यांनाच होतं, तर मलाच झेपत का नाही, एवढाच प्रश्न मला पडायचा. दुसरा कधी पडलाच नाही.

आणि गॅसवर कोलकात्यात कुणी शंका घेत नाही. मी गॅस म्हटलं की शेजारच्या खोल्यांतून ओव्याचं पाणी यायचं, स्वैपाकाच्या मावशी पातळ भात बाजूला काढायच्या, वॉर्डनबाई स्वतःच्या पित्ताची हकिकत सांगायला बसायच्या. टुम्पा तिच्या फळीवरची एकेक बाटली आणून द्यायची. मी त्या निमूटपणे घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मग सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी तिथली मुलगी न् मुलगी पिवळी साडी नेसते. हॉस्टेलात मूर्ती बसते आणि सकाळी अंघोळ करून सगळ्यांनी मिळून नैवेद्याची फळं कापायची असतात. ज्यांची पाळी असते त्या पूजेच्या ताटाला हात लावत नाहीत, रांगोळीच्या आसपास नुसत्या गप्पा मारत फिरतात. कुणी विचारत नाही, सगळ्यांना कळतं. मला तेही कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी खोलीतूनच सांगितलं, "मला गॅस झालाय, मी फळं कापायला येत नाही."

टुम्पा साडीच्या निऱ्या हातात धरून दारात उभी राहिली. साडी तिला कधीच नेसता आली नाही. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

खाली देवीला पुष्पांजली वाहून झाली तेव्हा मी बाथरूममध्ये होते. भिंतीला धरून उठले, डोळ्यांपुढे काळं आलं, आणि पुढचं मला आठवतं ते टुम्पाच्या मांडीवर डोकं आणि तोंडावर गार पाणी. तिची पिवळी साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. तिने मला खोलीत आणलं, पायांखाली उशी दिली, गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवली आणि कॉटच्या कडेला बसली.

"हा गॅस नाही," ती म्हणाली.

"गॅसच आहे."

"शोन बोइदेही, ऐक. गॅस झालेला माणूस फळं कापतो, फक्त खात नाही. आणि गॅस झालेला माणूस गॅसबद्दल बोलतो. माझे काका सकाळपासून बोलतात. तू एक शब्द बोलत नाहीस. या शहरात असा गॅस कुणालाच होत नाही."

मला हसू आलं आणि हसताना कळ आली, आणि मग रडूच आलं. मी तिला सगळं सांगितलं. बाबांची अट, आईचं 'सगळ्यांनाच होतं', शौचाला बसताना होणारं, सगळं. टुम्पा गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"मलाही होतं," शेवटी ती म्हणाली. "पहिल्या दिवशी दुखतं, गोळी घेते, जेवते, झोपते. मी बेशुद्ध पडत नाही. सगळ्यांना होतं ते हे नाही. उद्या डॉक्टर."

मी नाही म्हटलं. डॉक्टर म्हणेल काही नाही, आणि बाबा म्हणतील नागपूर. खरं सांगायचं तर पहिल्या गोष्टीची भीती जास्त होती. काही नाही म्हणून कुणी मोहोर उमटवली असती तर पुढे मी स्वतःलासुद्धा काय सांगणार होते?

तिकडे डॉक्टर औषधाच्या दुकानाच्या माडीवर बसतात, त्याला चेंबर म्हणतात. सकाळी दुकान उघडताना जाऊन नाव लिहून यायचं, मग संध्याकाळी नंबर लागतो. ज्या टुम्पाला रोज मी चादर ओढून उठवायचे, ती दुसऱ्या दिवशी मला जाग येण्याआधी उठली, मेट्रोने एस्प्लनेडला गेली आणि माझं नाव लिहून आली. खोलीत आली तेव्हा टोपी अजून कानावर होती. "पहिला नंबर," ती म्हणाली. "संध्याकाळी चोल." मी वाद न घालता गेले.

डॉक्टरीणबाई साठीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी टुम्पाला बाहेर बसायला सांगितलं. ती नाइलाजाने गेली. मग त्यांनी मला जे विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. पाळी कितव्या वर्षी आली, दुखणं तेव्हापासून की नंतर वाढत गेलं? पाळीच्या आधी सुरू होतं की बरोबर? शौचाला, लघवीला जाताना दुखतं का? रक्ताच्या गाठी पडतात? कॉलेज बुडतं? शरीरसंबंध आला आहे का, हेही त्यांनी चहा घेणार का विचारावं इतक्या सरळपणे विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी आतली तपासणी करायची गरज नाही म्हणून सांगितलं. रक्तदाब पाहिला, पोट दाबून पाहिलं. डाव्या बाजूला खाली दाबल्यावर मी ओरडले. "आईला असं व्हायचं?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. "विचारा," त्या म्हणाल्या. चक्कर आली होती म्हणून रक्त तपासायला दिलं, आणि पोटावरून करायची सोनोग्राफी.

सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं, नाहीतर मागचं गर्भाशय नीट दिसत नाही. मी बाटलीभर पाणी पिऊन बाकावर बसले आणि नंबर काही येईना. शेजारी बसून भूगोलाची ही विद्यार्थिनी मला उत्तर बंगालमधल्या नद्यांची नावं, त्यांचे धबधबे आणि पुराची कारणं समजावून सांगू लागली. मी हसत हसत हात जोडले तरी थांबेना. आत गेले तेव्हा तपासणारी बाई म्हणाली, "एवढं हसू नका, पोट हलतंय."

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन कमी. सोनोग्राफीत गर्भाशय, अंडाशय, सगळं नॉर्मल.

तो कागद घेऊन एस्प्लनेडच्या फुटपाथवर उभी असताना मला वाटलं, संपलं. आईचंच खरं. मी टुम्पाला म्हणाले, "काही नाहीये मला. परत जाऊ." तिने कागद माझ्या हातातून घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाली, "हा फोटो आहे. दुखणं फोटोत येतं असं कुणी सांगितलं तुला?" आणि माझा दंड धरून मला जिन्याने वर नेलं.

डॉक्टरीणबाईंनीही रिपोर्ट पाहून फारसं काही केलं नाही. तो बाजूला ठेवला. माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "तुमच्यावर माझा विश्वास आहे. आधी ते ऐका."

मग त्यांनी रिपोर्टच्या पाकिटाच्या मागे चित्र काढून समजावलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसंच अस्तर काही जणींना बाहेर उगवतं. अंडाशयावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, गर्भाशयाच्या मागे आतड्यापाशी. महिन्याच्या चक्राबरोबर तेही सुजतं, आतल्या आत दाह होतो, हळूहळू वण धरतात. म्हणून पाळीच्या आधीपासून दुखतं, म्हणून शौचाला दुखतं. याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. अंडाशयात मोठी गाठ झाली तर सोनोग्राफीत दिसते, पण बारीक बारीक ठिपके असतील तर दिसत नाहीत. "त्यामुळे रिपोर्ट चांगला आला याचा अर्थ मोठी गाठ नाही. तुम्हाला दुखत नाही असा त्याचा अर्थ नाही." अगदी खात्री करायची तर दुर्बीण घालून पाहावं लागतं, पण लक्षणं एवढी स्पष्ट असताना उपचारासाठी त्याची वाट पाहायची गरज नाही, असं त्या म्हणाल्या.

मी रडायला लागले. कुणी दुखण्याचं निदान ऐकून सुखाने रडतं का? मी रडले. टुम्पा मागे उभी राहून माझी पाठ थोपटत होती आणि डॉक्टरीणबाईंना विचारत होती, "गोळी कधी, जेवणाआधी की नंतर?"

तेही त्यांनी नीट सांगितलं. गर्भाशयाला आवळायला लावणारी रसायनं पाळीच्या सुमाराला शरीरात तयार होतात. वेदनेची गोळी ती तयार होणंच कमी करते. म्हणून असह्य होईपर्यंत थांबायचं नाही. कळ सुरू होताच, काहीतरी खाऊन, आणि मग पहिले दोनतीन दिवस सांगितलेल्या वेळांना घ्यायची. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास नाही ना, ते विचारून घेतलं. त्याशिवाय हार्मोनची एक गोळी, रोज ठरल्या वेळी, मध्ये खंड न पाडता, म्हणजे ते बाहेरचं अस्तर निपचित राहील. सुरुवातीला अधूनमधून डाग पडतील, डोकं दुखेल, मन उदास वाटलं तर कळवायचं. तीन महिन्यांनी फरक पाहायचा. नाहीच पडला तर पुढच्या तपासण्या. मुळापासून बरं होईल असं वचन त्यांनी दिलं नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मधल्या काळात एकदम एका बाजूला भयंकर दुखलं, ताप आला, तर थांबू नका म्हणून बजावलं.

आता आईला विचारायचं होतं. हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या मध्ये, टुम्पाला शेजारी उभं करून मी फोन लावला. सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "आई, तुला असं व्हायचं?"

पलीकडे चालू असलेला टीव्ही आईने बंद केला.

"हो," ती म्हणाली. "शाळेत पडायचे मी. बाई घरी पोचवायच्या. तुझी आजी म्हणायची, सगळ्यांनाच होतं." मग जरा थांबून, "तू व्हायच्या आधी किती वर्षं गेली, तुला माहितीये ना? कुणी मला दुखतं का म्हणून विचारलंच नाही गं."

मग मात्र तिच्यातली आई जागी झाली. लग्नाआधी असल्या हार्मोनच्या गोळ्या? लोक काय म्हणतील? पुढे काही झालं तर? मी फोनवर हात ठेवून टुम्पाला हे सांगितलं, तशी तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि आपल्या खास हिंदीत म्हणाली, "काकीमा, ये तो दवाई है. आँख खराब होने से चश्मा लगता है, तब कोई पूछता है शादी हुआ कि नहीं?"

पलीकडून आई हसली. रडता रडता हसली असावी, आवाज तसा होता. टुम्पाने फोन परत माझ्या कानाला लावला, तेव्हा आई म्हणाली, "बाबांना मी सांगते. तू तिथेच राहा. आणि त्या मुलीचं नाव काय म्हणालीस?"

तीन महिन्यांनी दुखणं गेलं नव्हतं, पण कमी झालं होतं, आणि पुढे आणखी कमी झालं. मधले डाग, चिडचिड, सगळं झालं. मी परीक्षा दिल्या. पुढच्या सरस्वतीपूजेला फळं कापली आणि माझी सफरचंदं काळी पडली म्हणून टुम्पाने अख्ख्या हॉस्टेलसमोर माझा उद्धार केला. गोळीची वेळ संध्याकाळी सातची होती. सात वाजले की टुम्पा जिथे असेल तिथून ओरडायची, "ओषुध खेयेछिस?" औषध घेतलंस? जेवणाच्या खोलीत, ग्रंथालयाच्या दारात, एकदा तर भर मेट्रोत. आधी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. मग सात वाजले आणि हाक आली नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

कॉलेज संपलं आणि मी नागपूरला निघाले. टुम्पाने हावड्याला बसने जायला साफ नकार दिला. "जाताना नदीवरून जायचं," म्हणाली. लाँचमधून आम्ही हुगळी ओलांडली. दोघींच्या मध्ये माझी मोठी बॅग होती आणि तिच्यावर टुम्पाची छत्री. ती पलीकडच्या काठाकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते.

गाडीत मला खिडकीजवळची जागा मिळाली. ती प्लॅटफॉर्मवर गजांना धरून उभी. स्टेशनच्या घड्याळात सात वाजले, आणि तिने सवयीने आवाज लावला, "ओषुध खेयेछिस?"

मी गोळी दाखवून तोंडात टाकली, वर पाणी प्यायले. समोरच्या बाकावरच्या बंगाली काकांनी पेपर खाली केला. चेहऱ्यावर खरीखुरी आस्था. "गॅस?" त्यांनी विचारलं.

टुम्पाने माझ्याकडे पाहिलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"नाही काका," मी म्हटलं, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "पाळीचं दुखणं आहे. त्याचं औषध."

काका दोन क्षण गोंधळले. मग मान डोलावून म्हणाले, "वेळेवर घ्यायला हवं," आणि पुन्हा पेपरात शिरले. बाहेर टुम्पा हसत होती आणि चष्मा काढून पुसत होती.

पुढे ती आसामात चहाच्या मळ्याजवळच्या एका शाळेत शिकवायला गेली. आमचं भांडण वगैरे काही झालं नाही. फोन कमी झाले, मग दुर्गापूजेच्या शुभेच्छा उरल्या, मग तिचा नंबर लागेनासा झाला. आई अजून विचारते, "ती चष्म्याची मुलगी काय म्हणते?" मी म्हणते, बरी आहे. मी गोळी अजून सातला घेते. घेतल्यावर उगाच थोडा वेळ थांबते, कुणी विचारतं का म्हणून. टुम्पा मला फार हवी आहे, हे सांगायला दुसरे शब्द माझ्याकडे नाहीत.

त्या संध्याकाळी गाडी हलली तेव्हा तिने गज सोडले. मला वाटलं, आता हात हलवेल. तसं तिने केलं नाही. गाडीबरोबर चार पावलं चालली, डब्याच्या पत्र्यावर तळहाताने दोन सणसणीत थापा मारल्या आणि पुढे कुठेतरी दूर बसलेल्या ड्रायव्हरला ऐकू जावं म्हणून हावडा स्टेशनच्या त्या गर्दीत सगळा जीव एकवटून ओरडली, "आस्ते, लेडीज!"